कार्यशाळेचा प्रस्ताव आणि मानधनाची ओळ

अधिवेशनाची कार्यक्रम समिती बसते तेव्हा तिच्यापुढे दोन कागद असतात. एक वेळापत्रकाचा तक्ता. त्यात सभागृहं आणि सत्रं आखलेली असतात, पण बरेच चौकोन अजून रिकामे असतात. दुसरा खर्चाचा अंदाज. त्यात मंडप, जेवण, छपाई यांच्या रकमा आधीच पडलेल्या असतात आणि वक्त्यांसाठी जो आकडा उरतो तो तळाशी असतो. बाहेरून आलेला प्रत्येक प्रस्ताव या दोन कागदांवर ठेवून पाहिला जातो. विषय कितीही मोलाचा असला तरी तो कोणत्या चौकोनात बसणार आणि तळाच्या आकड्यातून किती घेणार हे कळत नसेल, तर समिती तो बाजूला ठेवते. नाकारत नाही, बाजूला ठेवते. तो पुन्हा हाती घ्यायला मात्र कुणाला सवड होत नाही.

अशा बैठकांत मी संयोजकांच्या बाजूने बसत आलो आहे. तिथे येणाऱ्या प्रस्तावांचा एक ठरलेला साचा असतो. सुरुवातीला वक्त्याचा परिचय, पुरस्कारांसकट, दीड पान. मग विषयाचं महत्त्व, एक परिच्छेद. शेवटी ‘आपल्या सोयीनुसार वेळ द्यावा’ आणि ‘मानधनाबाबत आपण बोलूच’. लिहिणाऱ्याला ही नम्रता वाटते. वाचणाऱ्याच्या डोक्यावर मात्र तीन फोन, दोन मेल आणि एका अवघड संभाषणाचं काम येऊन पडतं.

प्रस्ताव कसा सुधारतो हे पाहायला एक उदाहरण धरू. कोल्हापुरात दवाखाना असलेल्या एक वाचा-उपचार तज्ज्ञ बाई आहेत असं समजा. त्यांच्याकडे आवाज बसलेले शिक्षक सतत येतात. सोलापुरात मुख्याध्यापकांचं दोन दिवसांचं अधिवेशन भरणार आहे आणि तिथे त्यांना कार्यशाळा घ्यायची आहे. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं आहे: ‘शिक्षकांच्या आवाजाचे आरोग्य: एक चिंतन. या व्याख्यानात स्वरयंत्राची रचना, आवाजाच्या समस्या व त्यावरील उपाय यांवर सविस्तर प्रकाश टाकला जाईल.’

यात खोटं काही नाही. पण ‘प्रकाश टाकला जाईल’ हे वक्ता काय करणार याचं वर्णन झालं. समितीला विचारायचं असतं ते वेगळंच: सत्र संपल्यावर खुर्चीतून उठणाऱ्या माणसाला असं काय करता येईल, जे बसताना येत नव्हतं? त्याचं उत्तर क्रियापदात द्यावं लागतं, आणि ते क्रियापद दिसणारं हवं. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘दृष्टी मिळेल’ ही क्रियापदं कुणाला तपासता येत नाहीत, म्हणून समितीच्या लेखी त्यांना वजन नसतं. ‘करून दाखवतील’, ‘ओळखतील’, ‘आखून नेतील’ यांना असतं.

म्हणून बाई दुसरा खर्डा करतात: ‘कार्यशाळेनंतर सहभागींना नळीतून आवाज काढण्याचा व्यायाम स्वतः करता येईल.’ हा व्यायाम खरा आहे आणि स्वरोपचारात रुळलेला आहे. शीतपेयाची नळी ओठांत घट्ट धरायची आणि तिच्यातून ‘ऊ’ असा लांब सूर काढायचा. हवेची वाट अरुंद झाल्यामुळे थोडा दाब मागे, घशाकडे राहतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटून कंप पावतात. शिकायला पाच मिनिटं पुरतात, करायला दोन. कार्यशाळेत सगळ्यांकडून एकदम करून घेता येईल असा हा प्रकार आहे. प्रस्ताव आता बरा दिसतो.

तरी तो अजून चुकलेला आहे, आणि ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. सभागृहात बसणार आहेत मुख्याध्यापक. त्यांतले बरेच जण आता आठवड्याला मोजकेच तास घेतात. आवाज बसतो तो त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांचा. बाईंनी प्रस्ताव लिहिला आपल्या दवाखान्यातल्या पेशंटला नजरेसमोर ठेवून, आणि तो पाठवला त्या पेशंटच्या वरिष्ठांना. मुख्याध्यापकांच्या हातात अशा गोष्टी आहेत ज्या शिक्षकाच्या हातात नाहीत: वेळापत्रक, वर्गांची जागा, किरकोळ खरेदी आणि रजा. खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या वर्गात एकाच बाईंचे सलग चार तास लागले, तर नळीचा व्यायाम कितीसा पुरणार? ते वेळापत्रक बदलू शकणारा माणूस समोर बसला असताना त्याला फक्त व्यायाम शिकवून परत पाठवणं म्हणजे संधी वाया घालवणं.

म्हणून तिसरा खर्डा असा होतो: ‘कार्यशाळेनंतर प्रत्येक मुख्याध्यापक आपल्या शाळेच्या वेळापत्रकातले आवाजावर ताण आणणारे तास खूण करून नेतील आणि त्यातला निदान एक बदल तिथेच लिहून काढतील. एखाद्या शिक्षकाचा बसलेला आवाज कधी आपोआप सुधारेल आणि कधी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवायला हवं, हे त्यांना ओळखता येईल. शिक्षकखोलीत शिकवता येईल असा दोन मिनिटांचा एक व्यायाम ते स्वतः करून पाहतील.’ तीनच वाक्यं, पण त्यांत अधिवेशनाला आलेल्या माणसाचं पद, त्याचे अधिकार आणि त्याची अडचण धरलेली आहे. शीर्षकही बदलतं: ‘शिक्षकांचा आवाज आणि शाळेचं वेळापत्रक: मुख्याध्यापकांसाठी प्रात्यक्षिक कार्यशाळा’. त्यातलं ‘चिंतन’ गेलं. कार्यक्रमपत्रिकेत चिंतनं पुरेशी असतात.

हे लिहिण्याआधी श्रोता कोण हे विचारून घ्यायला लाजू नये. संयोजकांना एक फोन करून ‘गेल्या वर्षी साधारण कोण आले होते, ग्रामीण शाळा जास्त की शहरी, नवे मुख्याध्यापक किती’ एवढं विचारलं तरी पुरतं. शिवाय या फोनवरून अधिवेशनाची तब्येत कळते. ज्यांना आपले श्रोते सांगता येत नाहीत, ते संयोजक ऐन वेळी तुमचं सत्र उद्घाटनानंतरच्या सत्कारात ढकलून देण्याची शक्यता बरीच.

आता स्वरूप. ‘आपल्या सोयीनुसार वेळ’ याचा व्यवहारातला अर्थ ‘उरलेला वेळ’ असा होतो. बाईंनी इथे हिशेब मांडायला हवा. त्यांनी पंचाहत्तर मिनिटं मागितली. त्यातली पहिली पाच माणसं बसण्यात आणि ओळखीत जातील. आवाज कसा तयार होतो आणि कसा बिघडतो, याला दहा. नळीचा व्यायाम जोडीजोडीने, वीस मिनिटं. तज्ज्ञांकडे कधी पाठवायचं, याला दहा. आपापल्या वेळापत्रकावर खुणा करण्याचं काम, वीस. प्रश्नांना दहा. बेरीज पंचाहत्तर. प्रस्तावात हा तपशील दोन-तीन ओळींत येतो, पण त्यातून समितीला दिसतं की या बाईंनी हे सत्र मनात एकदा घेऊन पाहिलेलं आहे.

त्याच्या खाली आणखी एक ओळ घालावी, जी फारच थोडे लोक घालतात: वेळ कमी मिळाला तर काय वगळणार. आपल्याकडची अधिवेशनं सकाळीच अर्धा तास मागे पडतात आणि तो अर्धा तास दुपारच्या सत्रांच्या खिशातून जातो. ‘पन्नास मिनिटं मिळाल्यास आवाजाच्या रचनेचा भाग पाच मिनिटांत उरकून व्यायाम दहा मिनिटांवर आणीन आणि प्रश्न सत्राबाहेर घेईन. वेळापत्रकाचं काम कमी करणार नाही’ असं आधीच लिहिलं, तर काय जाणार हे वक्ता ठरवतो. नाही लिहिलं, तर घंटा ठरवते. हिशेब बसतो का तेही पाहावं: पाच आणि दहा मिळून पंधरा इथे वाचतात, प्रश्नांचे दहा गेले की पंचवीस. पंचाहत्तरातून पंचवीस गेले, पन्नास उरले.

खोलीबद्दलही सांगावं लागतं. एकामागे एक घट्ट बसवलेल्या खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात जोडीने काम करवून घेता येतं, पण वेळापत्रकाचा कागद पसरून लिहिता येत नाही. त्यासाठी टेबलं हवीत. आणि टेबलं म्हटली की आकडा आला. एकट्या तज्ज्ञाला व्यायाम करणाऱ्या माणसांमधून फिरून कुणाचे ओठ सैल आहेत, कुणाची मान ताठरली आहे हे पाहायचं असेल, तर साठ ही माझ्या मते वरची मर्यादा. त्यापुढे एक मदतनीस लागेल, आणि मदतनिसाचा खर्चही. ‘कमाल साठ, आधी नोंदणी’ असं प्रस्तावात लिहिल्याने जागा कमी मिळेल ही भीती निराधार आहे. समितीकडे मुख्य सभागृह एकच असतं आणि त्यासाठी भांडणारे पुष्कळ. शेजारच्या मध्यम खोल्या भरणारं सत्र त्यांना हवंच असतं.

साहित्याची एक बारीक गोष्ट. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक नळ्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, म्हणजे नळ्या कागदी हव्यात, आणि साठ लोकांसाठी ऐंशी, कारण कागदी नळी ओली होऊन दुमडते. त्या संयोजक आणणार की बाई, हे लिहायचं. सहभागींनी आपल्या शाळेच्या वेळापत्रकाची प्रत सोबत आणायची आहे, हे निमंत्रणपत्रिकेतच छापलं जायला हवं. म्हणून तेही प्रस्तावातच सांगायचं, कारण पत्रिका छापून झाली की तो सगळा वीस मिनिटांचा भाग कोसळतो.

आता येते ती ओळ, जिच्यापाशी आपली लेखणी अडते. मानधन. मराठी सार्वजनिक कार्यक्रमांत या विषयाभोवती एक अवघडलेपण आहे. वक्त्याला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळतं. पाकिटात किती ते घरी गेल्यावर कळतं, आणि विचारणं दोन्ही बाजूंना अप्रशस्त वाटतं. तासाभराच्या व्याख्यानाला ही पद्धत कशीबशी चालून जाते. ज्या कार्यशाळेसाठी तयारी करायची, साहित्य आणायचं आणि दवाखाना बंद ठेवायचा, तिला ती चालत नाही. शिवाय समितीला प्रस्ताव वाचतानाच आकडा हवा असतो, कारण तळाचा आकडा त्याच बैठकीत वाटला जातो. ज्याची रक्कम माहीत नाही त्याला बारा हजार धरायचे की पन्नास? समिती अशा वेळी ज्याची रक्कम लिहिलेली आहे त्याला जागा देते.

अधिवेशन कोणत्या जातीचं आहे, हे आधी पाहावं. काही ठिकाणी पैशाचा प्रश्नच निकालात काढलेला असतो. टेडएक्सच्या नियमांनुसार वक्त्याला मानधन देता येत नाही आणि भाषण अठरा मिनिटांच्या आत बसवावं लागतं. पायथॉन या संगणकभाषेच्या अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत तर वक्त्यांनीही आपलं प्रवेशशुल्क भरायचं असा रिवाज आहे. सगळेच भरतात, संयोजकसुद्धा. पण तिथेच ज्यांचं वेगळं शुल्क घेतलं जातं अशी काही तासांची शिकवणी-सत्रं घेणाऱ्यांना मोबदला मिळतो. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे: सहभागी ज्या सत्रासाठी वेगळे पैसे मोजतात, त्यात वक्त्याचा वाटा मागणं सगळ्यांना सहज वाटतं. व्यावसायिक संस्थांची, शिक्षक-डॉक्टर-अभियंत्यांच्या संघटनांची अधिवेशनं यांच्या मधे कुठेतरी असतात, आणि तिथे आकडा वक्त्यानेच सांगावा लागतो.

बाईंनी तो कसा काढावा? सत्र पंचाहत्तर मिनिटांचं, म्हणून पंचाहत्तर मिनिटांचे पैसे, असा हिशेब करू नये. कोल्हापूरहून सोलापूरला जाऊन-येऊन कार्यशाळा घ्यायची, तर दवाखान्याचा एक पूर्ण दिवस जातो. मुख्याध्यापकांसाठी वेगळी तयारी आणि छापील पान करायला आणखी एक दिवस. दवाखान्यात दिवसाला खर्च वजा जाता सहा हजार सुटत असतील, तर बारा हजार ही अशी रक्कम झाली, जिच्या खाली त्या स्वतःच्या खिशातून अधिवेशनाला देणगी देत असतील. द्यायला हरकत नाही, पण ती देणगी आहे हे निदान स्वतःला माहीत असावं.

मग प्रस्तावात ती अशी उतरते: ‘मानधन रु. 12,000. यात तयारी, कार्यशाळा आणि सहभागींसाठीचं छापील पान येतं. नळ्या व इतर साहित्य बिलाप्रमाणे, कमाल रु. 1,000. कोल्हापूर-सोलापूर जाण्या-येण्याचं तिकीट आणि एका रात्रीची निवासव्यवस्था संयोजकांनी करावी. मानधन कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत बँक खात्यात. चित्रीकरण करून ते पुढे वापरायचं असल्यास आधी बोलावं.’ रक्कम एक, तिच्यात काय आहे ते लगेच पुढे, आणि तिच्याबाहेर काय आहे ते त्याच्या पुढे. ‘दहा ते वीस हजारांच्या दरम्यान’ असं लिहू नये. वाचणारा दहा वाचतो आणि लिहिणाऱ्याच्या मनात वीस असतात.

कराची बाजू थोडक्यात. संस्था व्यावसायिक मानधनावर दहा टक्के उद्गम करकपात करते. पण एकाच संस्थेकडून वर्षभरात मिळणारी अशी रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली, तरच ती कापणं बंधनकारक आहे. एप्रिल 2025 पर्यंत ही मर्यादा तीस हजारांची होती, आणि काही हिशेबनीस सवयीने किंवा सुरक्षित वाटतं म्हणून लहान रकमेवरही कापतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतात. त्यासाठी पॅन क्रमांक आधीच द्यायचा, नाहीतर कपात दुप्पट, म्हणजे वीस टक्क्यांनी होते. मोठ्या कंपनीच्या परिषदेसाठी साठ हजार ठरले, तर हातात चोपन्न हजार येणार हे धरून चालावं. वक्त्याची जीएसटी नोंदणी असेल तर ‘अधिक अठरा टक्के जीएसटी’ हे शब्द आकड्याला चिकटूनच लिहावेत. मागाहून सांगितले तर संयोजकांना आपण फसलो असं वाटतं, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या बहुतेकांना ही नोंदणी लागत नाही. बाई या दुसऱ्या गटातल्या.

आता समितीचा फोन येतो: ‘मॅडम, विषय सगळ्यांना आवडला. पण आमचं बजेट आठ हजारांचं आहे.’ इथे दोन वाटा सोप्या वाटतात. एक, ‘बरं, चालेल’ म्हणायचं. दुसरी, नाराज होऊन नाही म्हणायचं. यापेक्षा तिसरी बरी: पैसे कमी करायचे तर कामही त्या मापाने कमी करायचं. ‘आठ हजारांत मी चाळीस मिनिटांचं व्याख्यान देईन, त्यात व्यायाम सगळ्यांकडून करून घेईन. वेळापत्रकाचं काम आणि छापील पान त्यात नसेल.’ यामुळे संयोजकांना खरी निवड करता येते. काही वेळा ते आठ हजारांचंच घेतात. काही वेळा समितीतलं कुणीतरी म्हणतं की वेळापत्रकाचं काम हाच तर आपल्याला हवा असलेला भाग आहे, आणि चार हजार छपाईच्या रकमेतून निघतात. तेच काम आठ हजारांत कबूल केलं असतं, तर पुढच्या वर्षीचाही दर आठच राहिला असता, आणि बारा हा आकडा सुरुवातीला फुगवलेला होता असा समज झाला असता तो वेगळाच.

विनामूल्य जायचं असेल तरी पैशाची ओळ मोकळी सोडू नये. ‘या अधिवेशनासाठी मानधन घेत नाही, प्रवास आणि निवास संयोजकांकडे’ असं लिहावं. नाहीतर समितीत कुणीतरी गृहीत धरतं की बाई स्वतःच्या खर्चाने येतील, आणि कुणीतरी गृहीत धरतं की पाकीट द्यायचं आहे.

हे सगळं कुठे लिहायचं, यालाही महत्त्व आहे. मोठ्या परिषदांच्या अर्जात सहसा निरनिराळे रकाने असतात. शीर्षक आणि सारांश कार्यक्रमपत्रिकेत जसेच्या तसे छापले जातात, म्हणून त्यात पैशाचा किंवा प्रवासाचा शब्द नको. मिनिटांचा हिशेब, खोलीची मागणी आणि मानधन ‘फक्त संयोजकांसाठी’ असलेल्या रकान्यात. काही परिषदांत पहिल्या फेरीत परीक्षकांना नावच दाखवत नाहीत. तिथे ‘माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून’ असं सारांशात लिहून उपयोग नाही. आपल्याकडच्या अधिवेशनांत असा अर्ज क्वचित असतो, एक पत्र असतं. मग एकाच पानावर वरच्या अर्ध्यात श्रोत्यांना काय मिळणार, मधे स्वरूप, खाली मानधन, आणि परिचय शेवटी चार ओळींत: या विषयाशी संबंध असलेलं शिक्षण, काम, आणि अशी कार्यशाळा आधी कुठे घेतली असल्यास ते.

प्रस्ताव पाठवायचा तो अंदाजपत्रक ठरण्याआधी. मोठ्या अधिवेशनांत हे तीन-चार महिने आधी होतं, तालुका पातळीवर कधी तीन आठवडे आधी. उत्तरावरून प्रस्तावात काय राहून गेलं ते कळतं. ‘साधारण काय सांगणार?’ असं विचारलं गेलं, तर श्रोत्यांना काय मिळणार हे स्पष्ट झालेलं नाही. ‘वेळ किती लागेल?’ आलं, तर स्वरूप धूसर आहे. ‘मानधनाचं बघू नंतर’ असं कुणी म्हणालं, तर रक्कम लिहिलेली असूनही ती समितीपुढे गेलेली नाही, आणि त्याच दिवशी लेखी विचारून घ्यायला हवं.

होकार बहुतेक वेळा फोनवर येतो. ठेवल्या ठेवल्या बाईंनी चार ओळींचा मेल पाठवावा: तारीख, सत्राची वेळ आणि खोली, ठरलेलं मानधन, आणि नोंदणी झालेल्यांचा आकडा कळवायची शेवटची तारीख, म्हणजे कार्यशाळेच्या दहा दिवस आधीची. कागदी नळ्या त्या आकड्यावर मागवायच्या आहेत.